किम्बर्ली सर्टिफिकेटच्या नंबरातली पहिली दोन अक्षरं

प्रश्न: रफच्या, म्हणजे न कापलेल्या हिऱ्यांच्या, पार्सलसोबत आलेल्या किम्बर्ली सर्टिफिकेटचा नंबर AE ने सुरू होतो. आमचे शेठ म्हणतात माल काँगोचा आहे. AE म्हणजे दुबई ना? मग हिरे नक्की कुठले, आणि सर्टिफिकेट खोटं तर नाही?

उत्तर:

तुमचे शेठ आणि तुमचं सर्टिफिकेट, दोघंही बरोबर असू शकतात. AE म्हणजे संयुक्त अरब अमिरात हे खरं, पण ती दोन अक्षरं हिरा कुठल्या खाणीतून निघाला ते सांगतच नाहीत, ते सर्टिफिकेट कोणी दिलं तेवढंच सांगतात. म्हणजे माल शेवटचा कुठल्या देशातून एक्स्पोर्ट झाला ते. अमिरातीत हिऱ्याची खाणच नाही, त्यामुळे AE ने सुरू होणाऱ्या प्रत्येक सर्टिफिकेटमागचा हिरा दुसऱ्या कुठल्यातरी देशातला असणार हे गृहीत धरूनच पुढे वाचायचं.

मी बीकेसीत रफच्या इम्पोर्ट-एक्स्पोर्टचं डॉक्युमेंटेशन बघतो, आणि हा गोंधळ नवीन लागलेल्या जवळपास प्रत्येक मुलाचा होतो, कारण कागद हातात आला की नजर पहिली नंबरवरच जाते.

नियम काय आहे तर बंडखोरांच्या लढायांना पैसा पुरवणारे हिरे व्यापारात येऊ नयेत म्हणून १ जानेवारी २००३ पासून किम्बर्ली प्रोसेसची सर्टिफिकेशन स्कीम चालू झाली, तेव्हाच सर्टिफिकेटवर कमीत कमी काय काय पाहिजे त्याची यादी ठरली. त्यात एक अट अशी की प्रत्येक सर्टिफिकेटला स्वतःचा वेगळा नंबर पाहिजे आणि त्यात देशाचा दोन अक्षरी कोड पाहिजे, आणि तो कोड आयएसओ 3166-1 च्या यादीतला. कोडनंतरचे आकडे प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने टाकतो, त्यामुळे आकडे कमी-जास्त दिसले म्हणून लगेच घाबरू नका. कोड मात्र मनाने टाकता येत नाही.

आता मूळ देश कुठे बघायचा? त्याच सर्टिफिकेटवर ओरिजिनची वेगळी चौकट असते. पण तिथे देशाचं नाव लिहायची सक्ती कधी आहे, तर पार्सलमधला सगळा माल एकाच देशातून निघालेला असेल तेव्हाच. दोन-तीन देशांचा माल एकत्र झाला की तो मिक्स्ड ओरिजिन, मग तिथे कुठल्या एका देशाचं नाव येणार नाही. दुबई, अँटवर्प, मुंबई अशा ट्रेडिंग सेंटरमधून निघणाऱ्या मालात हे सर्रास होतं, कारण तिथे माल सॉर्ट होतो, साइजप्रमाणे, कलरप्रमाणे, मॉडेलप्रमाणे परत पार्सल बांधली जातात, आणि असॉर्टरला दगड कुठल्या खाणीचा याच्याशी काही घेणं नसतं.

एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजायला धरलेत. काँगो-किन्शासामधून, म्हणजे डेमोक्रॅटिक रिपब्लिक ऑफ काँगोमधून, ५,००० कॅरेट रफ दुबईला गेली. काँगोचं सरकारी ऑफिस, ज्याला सीईईसी म्हणतात, त्याने CD ने सुरू होणारं सर्टिफिकेट दिलं, ओरिजिनच्या चौकटीत काँगो. दुबईत टेंडरमध्ये एका पार्टीने त्यातली १,२०० कॅरेट घेतली आणि अंगोलाची, म्हणजे AO सर्टिफिकेटवर आलेली, ८०० कॅरेट घेतली. दोन्ही एकत्र सॉर्ट केली आणि २,००० कॅरेट मुंबईला विकली. आता नवीन सर्टिफिकेट AE चं, ओरिजिन मिक्स्ड. मुंबईच्या पार्टीने कारखान्याला चालणारा माल ठेवला आणि ३५० कॅरेट जो तिच्या कामाचा नव्हता तो अँटवर्पला पाठवला. यावेळी सर्टिफिकेट आपल्याकडच्या जेम अँड ज्वेलरी एक्सपोर्ट प्रमोशन काउन्सिलचं, जीजेईपीसीचं, नंबर IN ने सुरू. पन्नाच्या मझगवां खाणीतला एकही दगड त्यात नाही तरी IN. आणि अँटवर्पवाल्याने तोच माल पुढे इस्रायलला विकला तर EU. म्हणजे काँगोतून निघालेल्या दगडामागे CD, AE, IN आणि EU, दगड तोच, चार सर्टिफिकेटं, चार वेगवेगळे कोड, आणि चारही खरी.

म्हणून तुमच्या केसमध्ये पहिलं काम ओरिजिनची चौकट वाचणं. तिथे एकट्या काँगोचं नाव असेल तर शेठ म्हणतात ते कागदावर सिद्ध आहे. मिक्स्ड असेल तर "माल काँगोचा" हे विकणाऱ्याचं बोलणं झालं, सर्टिफिकेट त्याला दुजोरा देत नाही. विकणाऱ्याकडे दुबईत आलेल्या मालाच्या CD सर्टिफिकेटची कॉपी मागा, पण वरच्या उदाहरणासारखे तिच्यावर ५,००० कॅरेट लिहिलेले असतील आणि तुमच्या हातात २,००० मिक्स असतील, तर हेच दगड तिथले असं ती कॉपी सांगू शकत नाही. फार तर त्या पार्टीने काँगोचा माल घेतला होता एवढंच कळतं.

हे आता आणखी महत्त्वाचं झालंय कारण २०२४ पासून युरोपियन युनियन आणि इतर जी-७ देशांनी रशियन हिऱ्यांवर बंदी घातली आहे, आणि तिसऱ्या देशात पॉलिश झालेल्या मोठ्या दगडांनाही ती लागू आहे. RU नाही, AE आहे, म्हणजे रशियन नाही असं कोणी तुम्हाला सांगितलं तर ऐकू नका. रशियाची रफ दुबईत जाऊन मिक्स्ड पार्सलमध्ये गेली की तिच्यावरही AE च येणार. तुमचा पॉलिश्ड माल पुढे अमेरिकेला किंवा युरोपला जाणार असेल तर ओरिजिनचा वेगळा पुरावा खरेदीच्या वेळीच मागून ठेवा, नंतर कोणी देत नाही.

आता कोड वाचताना लोक कुठे चुकतात ते सांगतो. सगळ्यात धोकादायक जोडी CD आणि CG. CD म्हणजे किन्शासावालं काँगो, CG म्हणजे नदीपलीकडचं ब्राझाव्हिलवालं, आणि जवळच CF, म्हणजे मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. एका अक्षराचा फरक, पण इतिहास बघा. २००४ मध्ये ब्राझाव्हिलच्या काँगोला किम्बर्ली प्रोसेसमधून काढून टाकलं होतं, कारण त्या देशातून जेवढी रफ एक्स्पोर्ट होत होती तेवढी तिथे निघते हे त्यांना दाखवताच आलं नाही, माल बाहेरून येऊन त्यांच्या कागदावर जात होता हे उघड होतं. २००७ मध्ये त्यांना परत घेतलं. CF वर २०१३ मध्ये बंदी आली, पुढे काही भागांपुरती उठली, आणि पूर्ण उठली ती २०२४ च्या नोव्हेंबरात. म्हणजे मधल्या काळातली तारीख आणि CF चा नंबर एकत्र दिसला तर तो कुठल्या भागातला माल आणि परवानगी कशी मिळाली हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. कोड आणि इश्यूची तारीख नेहमी जोडीने वाचा, एकटा कोड अर्धीच गोष्ट सांगतो.

दुसरी गोष्ट, बेल्जियम. अँटवर्पवरून माल आला म्हणून लोक BE शोधतात. सापडणार नाही, कारण किम्बर्ली प्रोसेसमध्ये अख्खं युरोपियन युनियन एकच सदस्य आहे, अँटवर्प असो की जर्मनीतलं इडार-ओबरश्टाइन, सर्टिफिकेट EU चंच. अँटवर्पचं म्हणून कोणी BE ने सुरू होणारं सर्टिफिकेट दाखवलं तर मी त्या पार्सलला हात लावणार नाही. तसंच दक्षिण आफ्रिका ZA आहे, SA म्हणजे सौदी अरेबिया. CH म्हणजे स्वित्झर्लंड, चीन CN. LR लायबेरिया, LS लेसोथो. GN गिनी, GY गयाना. व्हॉट्सअ‍ॅपवर "गिनीची स्वस्त रफ" म्हणून सर्टिफिकेटचे फोटो फिरतात त्यातल्या काहींचा खोटेपणा इथेच कळतो, वर देश एक, नंबरात कोड दुसऱ्याचा.

पण कोड बरोबर आहे म्हणजे सर्टिफिकेट खरं, असं अजिबात नाही, दोन अक्षरं छापायला काय लागतं. कोड ही पहिली चाळणी. त्यानंतर बघायचं की इश्यू करणारं ऑफिस त्याच देशाचं आहे का, तारीख आणि एक्स्पायरी चालू आहे का, एक्स्पोर्टर-इम्पोर्टरची नावं तुमच्या इन्व्हॉइसशी जुळतात का, कॅरेट, डॉलरमधली किंमत आणि पार्सलची संख्या जुळते का. कस्टममध्ये मालाचा प्रकार सांगणारा एचएस कोड 7102.10, 7102.21 किंवा 7102.31 यातलाच असला पाहिजे, कारण ही स्कीम फक्त रफसाठी आहे. 7102.39 म्हणजे पॉलिश्ड, त्याला किम्बर्ली सर्टिफिकेट लागतच नाही, कोणी तसलं दिलं तर सरळ परत करा. आणि सर्टिफिकेट कुठल्याही भाषेत असू शकतं पण त्यावर इंग्रजी भाषांतर असलंच पाहिजे.

वजनाचं जरा थांबून सांगतो कारण खरी गडबड तिथे पकडली जाते. सीलबंद डबा कस्टममध्ये उघडून वजन होतं. सर्टिफिकेटवर २,००० कॅरेट आणि काट्यावर १,९९९.६० आलं तर काट्या-काट्याचा फरक म्हणून विचारणा होऊन सुटू शकतं, पण १,८५० आलं तर कोड कितीही बरोबर असला तरी पार्सल अडकणार, आणि अडकलंच पाहिजे.

शंका राहिलीच तर खात्री करायचा रस्ता आहे. किम्बर्ली प्रोसेसच्या वेबसाइटवर प्रत्येक सदस्य देशाच्या ऑफिसची माहिती असते, आणि आपल्याकडे जीजेईपीसीच्या मुंबई किंवा सुरतच्या ऑफिसात किम्बर्लीचं काम बघणाऱ्यांना नंबर, तारीख, कॅरेट देऊन विचारता येतं. माल आल्यावर इम्पोर्ट करणाऱ्या देशाने सर्टिफिकेट देणाऱ्या देशाला माल पोचल्याचं कळवायचं असतं, त्यात नंबर, पार्सल, कॅरेट सगळं जातं, त्यामुळे तिकडे न छापलेला नंबर कधी ना कधी उघडा पडतोच. पण तुमचे पैसे त्याआधी गेलेले असतात, म्हणून विचारायचं ते पेमेंटच्या आधी. नुसत्या फोटोवर अ‍ॅडव्हान्स तर कधीच देऊ नका.

आणि ओरिजिनल कागद फाइलला नीट लावा, तो किमान तीन वर्षं मागितल्यावर दाखवता आला पाहिजे. आमच्याकडे आम्ही फाइलच्या पाठीवर कोड, नंबर आणि ओरिजिन तिन्ही लिहितो, कारण पुढे माल परत एक्स्पोर्ट करताना IN सर्टिफिकेटच्या अर्जात हेच लागतं, आणि आत आलेल्या कॅरेटपेक्षा बाहेर जाणारे कॅरेट जास्त दिसले तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. तुमच्या सर्टिफिकेटवर ओरिजिनच्या चौकटीत नक्की काय लिहिलंय ते इथे टाका (पार्टीचं नाव आणि नंबरचे आकडे झाकून), मग शेठना काय विचारायचं ते सांगतो.