छत्रीची वाकलेली काडी घरी सरळ होईल का?

*"लांब दांड्याची काळी छत्री, आठ काड्यांची. काल वाऱ्याने उलटली आणि एक काडी मधेच वाकली. हाताने सरळ करायला गेलो तर मोडलीच. तिथे कापडालाही भोक पडलंय. घरी दुरुस्त होईल की टाकूनच देऊ?"*

टाकू नका. मात्र आधी काडी नेमकी कुठे मोडली ते बघा. काडीला मधोमध खालून आधाराची काडी येऊन मिळते, तिथे रिव्हेट असतो. मोड त्या रिव्हेटवरच असेल तर घरी भागत नाही. काडीच्या नाळीतून आरपार रिव्हेट जातो, त्यामुळे आत घातलेला आधार तिथेच अडतो. मग काडीच बदलावी लागते, आणि त्यासाठी वरच्या चकतीतली तार सोडली की बाकीच्या सातही काड्या हातात येतात. हे काम छत्रीवाल्याकडेच द्या. रिव्हेटपासून तीन-चार बोटं पुढे टोकाकडे मोडली असेल, तर पुढे वाचा.

मोडली ती तुमच्या हातानेच, पण त्यात तुमची चूक फार नाही. वाकलेली पोलादी काडी त्या जागी आधीच कडक आणि चपटी झालेली असते, उलट वाकवली की तुटते. (दुसरी कधी वाकली तर दोन पकडींनी, थोडी थोडी करत सरळ करा, आणि झाली तरी खाली सांगितलेला आधार बांधाच. एकदा वाकलेली जागा पुन्हा तिथेच वाकते.)

आता जोडणी. बहुतेक जण मोडलेली दोन टोकं एकावर एक चढवून तार गुंडाळतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. काडी घट्ट बसली, पण सेंटीमीटरभर आखूड झाली. छत्री उघडल्यावर त्या दोन पाकळ्या सैल, त्यांच्यात पाणी साचायचं आणि वारा आला की छत्री नेमकी तिथूनच उलटायची. म्हणून टोकं समोरासमोर भिडवायची, लांबी जाऊ द्यायची नाही. शेजारच्या काडीला लावून मोजून घ्या.

आधाराला सायकलचा जुना स्पोक चांगला, साधारण सहा सेंटीमीटरचा तुकडा. मोडीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंटीमीटर येईल असा काडीच्या नाळीत बसवा. नाळीत मावला नाही तर एखाद्या मेलेल्या छत्रीच्या काडीचा तेवढाच तुकडा घ्या, त्याची नाळ पेचकसाने किंचित उघडा आणि मोडलेल्या काडीवर बाहेरून चढवून पकडीने दाबा. तुकडा याहून फार लांब नको. छत्री उघडली की काडीला कमान घ्यावी लागते. लांब आधार ती घेऊ देत नाही आणि मग काडी आधाराच्या टोकाशी मोडते.

बांधायला पंख्याच्या वाइंडिंगची बारीक तांब्याची तार घ्या, इलेक्ट्रिशियनकडे तुकडा मिळतो. बांधकामाची तार जाड असते, तिचे वेढे घट्ट बसत नाहीत. तीन जागी, म्हणजे आधाराच्या दोन्ही टोकांशी आणि मोडीवर, दहा-बारा वेढे ओढून द्या. पिळाचं टोक दांड्याच्या बाजूला वळवून दाबा, कापडाच्या बाजूला मुळीच नको. नाहीतर आठवड्याभरात नवं भोक. वर एपॉक्सीचा पातळ हात द्या आणि रात्रभर छत्री उघडीच ठेवा, म्हणजे काडी कमानीतच वाळेल. इन्सुलेशन टेप लावू नका, उन्हात त्याचा डिंक सुटतो.

काम करताना कापड आड येतं, तेव्हा त्या काडीवरचा मधला टाका आणि टोकाचा टाका उसवा. परत घालताना मधला टाका दोन पाकळ्यांच्या शिवणीच्या आतल्या दुमडीतच घ्या. सुई कापडाच्या आरपार गेली की तिथून पाणी ठिबकणारच. टोकाला काडीच्या भोकातून नायलॉनचा दोरा चार-पाच वेळा ओवून घट्ट गाठ मारा. साधा सुती दोरा पावसात भिजून कुजतो.

भोकाला शिवू नका. जुन्या छत्रीच्या कापडाचा गोल तुकडा कापा (कोपरे असले की तिथून सुटतो), भोकाच्या सगळ्या बाजूंनी दीड-दोन सेंटीमीटर जास्त. चप्पल चिकटवायचं पिवळं सोल्युशन कापडाला आतून आणि तुकड्याला, दोन्हीकडे पातळ लावा. बोटाला चिकटेनासं झालं की तुकडा बसवून दाबा. कापड ताणू नका, सुरकुती मात्र राहता कामा नये.

शेवटी छत्री उघडून उलटी धरा आणि आठही पाकळ्या बोटाने दाबून बघा. दुरुस्त काडीच्या बाजूच्या दोन बाकीच्यांहून ढिल्या लागल्या तर लांबी कुठेतरी गेली आहे. टोकाचा टाका सोडून पुन्हा ओढून घ्या. त्याने थोडीफार भरपाई होते, सेंटीमीटरभराची नाही.

आणि तुमची छत्री फायबरच्या काड्यांची असेल तर यातलं काहीच लागू नाही. ती तुटते तेव्हा तिचे धागे निघतात आणि ते बोटात घुसतात, हातमोज्याशिवाय हात लावू नका.