‘किमान एक’ हवे असेल तर ‘एकही नाही’ मोजा

या वेळी आलेले संभाव्यतेचे बरेचसे प्रश्न ‘किमान’ या एका शब्दापाशी अडलेले आहेत. त्यांतले चार घेतले आहेत. तिसऱ्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातली चूक मी उत्तरपत्रिकांत वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि ती नीट विचार करणाऱ्या मुलांकडूनच होते.

प्रश्न: तीन नाणी फेकली. ‘किमान एक छापा’ची पूरक घटना म्हणून मी ‘किमान एक काटा’ घेतली. उत्तर १/८ आले, पुस्तकात ७/८ आहे. चुकले कुठे?

‘छापा’च्या जागी ‘काटा’ लिहिला, तिथे चुकले. पूरक घटना म्हणजे मूळ घटना घडलीच नाही अशी स्थिती. त्यासाठी नाण्याची बाजू बदलून चालत नाही, अख्ख्या वाक्याला नकार द्यावा लागतो. ‘किमान एक छापा आहे’ हे खोटे कधी ठरेल? छापा एकही नसेल तेव्हाच, म्हणजे काटा-काटा-काटा पडले तर. आठ शक्यतांपैकी ही एकच, म्हणून १/८. उरलेले ७/८ हे उत्तर.

पूरक घटना बरोबर निवडली की नाही हे तपासायची एक सोपी रीत आहे. कुठलाही एक निकाल घ्या, समजा छापा-काटा-काटा. तुमच्या दोन घटनांपैकी नेमकी एकच त्यात घडली पाहिजे. इथे किमान एक छापाही आहे आणि किमान एक काटाही आहे. दोन्ही एकदम घडल्या, तेव्हा त्या परस्परपूरक असणे शक्य नाही. शिवाय १/८ हे उत्तर आल्याबरोबर थांबायला हवे होते. एकाच नाण्याने छापा मिळण्याची संभाव्यता १/२ आहे. नाणी वाढवल्यावर ती वाढेल, घटणार नाही.

प्रश्न: फासा सहा वेळा टाकला, प्रत्येक वेळी सहा पडण्याची संभाव्यता १/६. सहा वेळा मिळवले की १ होते. मग एकदा तरी सहा पडणारच असे का म्हणत नाहीत?

आधी दोनच फासे घेऊ, म्हणजे बेरीज कुठे बिघडते ते डोळ्यांनी दिसेल. कागदावर सहा आडव्या ओळी आणि सहा उभे स्तंभ आखा. ओळ म्हणजे पहिल्या फाशाचा अंक, स्तंभ म्हणजे दुसऱ्याचा. एकूण ३६ चौकटी. आता पहिल्या फाशावर सहा असलेली ओळ रंगवा: सहा चौकटी. मग दुसऱ्या फाशावर सहा असलेला स्तंभ रंगवा: पुन्हा सहा. रंगलेल्या चौकटी मोजा. बारा भरत नाहीत, अकराच भरतात, कारण कोपऱ्यातली (६, ६) ही चौकट दोनदा रंगवली गेली. १/६ + १/६ करताना आपण तिला दोनदा मोजतो. खरे उत्तर ११/३६.

न रंगलेल्या चौकटी मात्र एका झटक्यात मोजता येतात: ५ × ५ = २५. ‘एकही सहा नाही’ म्हणजे पहिल्यावर नाही आणि दुसऱ्यावरही नाही. ‘आणि’ने जोडलेल्या अटींचा गुणाकार होतो, त्यात काही दोनदा मोजले जाण्याचा धोका नसतो. ‘किमान एक’ मात्र ‘किंवा’ने जोडलेले असते, आणि टाकण्या वाढत जातात तसे ते सामायिक भाग इतके वाढतात की एकेक वजा करत बसणे नकोसे होते.

सहा टाकण्यांसाठी ‘एकही सहा नाही’ची संभाव्यता ५/६ चा सहा वेळा गुणाकार, म्हणजे १५६२५/४६६५६, साधारण ०.३३५. म्हणून किमान एक सहा पडण्याची संभाव्यता सुमारे ०.६६५. तीनात एकदा सहाच्या सहा टाकण्या कोरड्या जातात.

तुमची १ ही बेरीज तरीही वाया गेलेली नाही. सहा टाकण्यांत सरासरी किती वेळा सहा पडेल, याचे ते अचूक उत्तर आहे: सरासरी एकदा. कधी दोनदा, कधी तीनदा पडते आणि त्याची भरपाई म्हणून कधी एकदाही पडत नाही. हे लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात ते पुन्हा येणार आहे.

याच प्रश्नाने एकेकाळी मोठी उलाढाल केली आहे. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये शेवालिए द मेरे या खेळाडू सरदाराला एक कोडे पडले होते. एक फासा चार वेळा टाकून किमान एक सहा मिळवण्याची पैज फायद्याची आहे. मग दोन फाशांची जोडी २४ वेळा टाकून किमान एकदा दोन्हींवर सहा मिळवण्याची पैजही तशीच असावी, कारण ६ ला ४ तसे ३६ ला २४. पण तसे होत नाही. पूरक घटनेने पाहा: पहिल्या पैजेत १ − ६२५/१२९६ = ६७१/१२९६, साधारण ०.५१८. दुसऱ्या पैजेत ३५/३६ चा २४ वेळा गुणाकार करून १ मधून वजा केला की साधारण ०.४९१ येते, निम्म्याहून कमी. २५ वेळा टाकले तर ०.५०६ होते. म्हणजे सगळा फरक एका टाकणीचा. द मेरेने पास्कालपुढे ठेवलेल्या अशाच प्रश्नांतून १६५४ साली पास्काल आणि फर्मा यांचा पत्रव्यवहार झाला, आणि संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात तिथून मानतात.

प्रश्न: पेटीत १० बल्ब, त्यांतले ३ उडालेले. ४ बल्ब काढले, परत ठेवले नाहीत. किमान एक उडालेला मिळण्यासाठी मी आधी ३ मधून १ उडालेला निवडला, मग उरलेल्या ९ मधून कुठलेही ३. म्हणजे ३ × ८४ = २५२. पण एकूण निवडीच २१० आहेत! हे कसे?

उत्तर १ च्या वर गेल्यावर तुम्ही थांबलात, हे फार चांगले झाले. बल्बचे आकडे थोडे वेगळे असते तर हीच रीत ०.८ सारखा सभ्य आकडा देऊन गेली असती आणि चूक कळलीही नसती.

आधी बरोबर उत्तर काढू. एकही उडालेला नको, म्हणजे चारही बल्ब चांगले हवेत. चांगले ७ आहेत. पहिला चांगला निघण्याची संभाव्यता ७/१०. तो बाजूला ठेवला, आता पेटीत ९ बल्ब आणि त्यांत ६ चांगले: ६/९. मग ५/८, मग ४/७. गुणाकार ८४०/५०४०, म्हणजे १/६. उत्तर १ − १/६ = ५/६.

इथे वरची संख्या आणि खालची संख्या दोन्ही दर वेळी एकाने कमी होतात. पुष्कळ जण खालची तेवढी कमी करतात आणि वर ७ तसेच ठेवतात. प्रत्येक पायरीला ‘आत्ता पेटीत काय उरले आहे?’ एवढे मनाशी म्हटले की ही चूक होत नाही. बल्ब परत ठेवत गेलो असतो, तर ७/१० चाच चार वेळा गुणाकार झाला असता, ०.२४०१, आणि उत्तर ०.७५९९ आले असते. परत न ठेवता उडालेला सापडण्याची संभाव्यता जास्त आहे, कारण दर चांगल्या बल्बागणिक पेटीत उडालेल्यांचे प्रमाण वाढत जाते.

चारही बल्ब एकदम मुठीत उचलले तरी उत्तर तेच. ७ मधून ४ निवडी ३५, १० मधून ४ निवडी २१०, आणि ३५/२१० = १/६.

आता तुमचे २५२. उडालेल्या बल्बना अ, आ, इ अशी नावे देऊ. समजा हाती आलेल्या चारांत अ आणि आ दोन्ही आहेत. तुमच्या रीतीत हा संच एकदा ‘आधी अ निवडला, नंतरच्या तिघांत आ आला’ असा मोजला गेला, आणि पुन्हा ‘आधी आ निवडला, नंतर अ आला’ असाही. संच एकच, मोजणी दोनदा. तिन्ही उडालेले आले तर तीनदा. पडताळून पाहू: नेमका एक उडालेला असलेले संच १०५, नेमके दोन असलेले ६३, तिन्ही असलेले ७. या तिन्हींची साधी बेरीज १७५, आणि १७५/२१० म्हणजे ५/६. बरोबर उत्तर हेच. पण तुमच्या रीतीने ती १०५ + २ × ६३ + ३ × ७ अशी झाली, म्हणजे बरोबर २५२.

आता २५२/२१० = १.२ या आकड्याकडे पाहा. प्रत्येक बल्ब उडालेला असण्याची संभाव्यता ३/१०. ती चारदा मिळवली तरी १.२ च येते. दोन वेगळ्या वाटांनी एकच ‘चुकीचे’ उत्तर येण्याला कारण आहे. चार बल्ब काढले तर त्यांत सरासरी किती उडालेले असतील, याचे उत्तर १.२ आहे. फाशाच्या प्रश्नात १ आले होते ते याच जातीचे. बेरीज आणि ‘आधी एक पक्का करू’ ही रीत, दोन्ही नकळत उडालेले बल्ब मोजतात. मोजायचे असतात ते उडालेला बल्ब असलेले संच.

प्रश्न: मग ‘किमान दोन’ उडालेले हवे असतील तर ५/६ मधूनच काही वजा करायचे का?

हो, तसे करता येते. किमान एक म्हणजे एक, दोन किंवा तीन. त्यातून ‘नेमका एक’ काढून टाका: १७५ − १०५ = ७०, म्हणून ७०/२१० = १/३. पूरक घटनेने जायचे तर ‘किमान दोन’चा नकार ‘एकही नाही किंवा नेमका एक’ असा दोन तुकड्यांचा होतो. ते तुकडे कधीच एकदम घडत नाहीत, म्हणून इथे बेरीज बिनधोक आहे: ३५ + १०५ = १४०, आणि १ − १४०/२१० पुन्हा १/३.

‘नेमका एक’ एकेक बल्ब काढून मोजत असाल तर एक जागा सांभाळा. उडालेला पहिला, दुसरा, तिसरा किंवा चौथा कितवाही येऊ शकतो. पहिला आला तर ३/१० × ७/९ × ६/८ × ५/७ = ६३०/५०४० = १/८. बाकीच्या तीन जागांनाही हेच उत्तर येते, अंश फक्त जागा बदलतात. म्हणून चौपट करून १/२ मिळते, आणि १०५/२१० शी ते जुळते. चौपट करायचे राहिले, तर ‘किमान दोन’चे उत्तर ५/६ − १/८ म्हणजे १७/२४ येईल. तो आकडा १ च्या आत असल्याने बघून संशयही येत नाही. अशा वेळी शून्य, एक, दोन आणि तीन उडालेल्यांच्या संभाव्यता शेजारी शेजारी मांडून बेरीज करा: १/६ + १/२ + ३/१० + १/३०. ती १ भरली नाही तर कुठलातरी तुकडा चुकला आहे.