बेसलाइनच्या खाली म्हणजे फायद्यात नव्हे

प्रश्न: आमच्या इमारतीच्या कामात एस-कर्व्हवर प्रत्यक्ष खर्चाची रेघ सहा महिने बेसलाइनच्या खालीच आहे. साहेब म्हणतात पैसे वाचतायत. खरंच वाचतायत का? आणि बेसलाइन नेमकी कधी बदलायची असते?

उत्तर:

नाही. म्हणजे वाचत असतीलही, पण नुसत्या दोन रेघा बघून ते कुणालाच सांगता येणार नाही. एक रेघ, म्हणजे बेसलाइन, सांगते की अमुक महिन्यापर्यंत किती रुपयांचं काम व्हायला हवं होतं. दुसरी सांगते की किती रुपये गेले. काम किती झालं हे दोघींपैकी एकीलाही माहीत नसतं. साइटला कुलूप लावा, तुमची ‘बचत’ दर महिन्याला वाढत जाईल.

हे कुलपाचं वाक्य मी एका मीटिंगमध्ये अगदी असंच बोलले होते. त्यानंतर त्या ऑफिसात माझ्याशी बराच काळ फक्त ईमेलवर बोलणं व्हायचं. तेव्हा उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मुलुंड पूर्वेला, खाडीच्या बाजूला, एका जुन्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट होतं. एक बेसमेंट, वर चौदा मजले, मुदत 20 महिने. मी बिल्डरकडे प्लॅनिंगला होते. बांधकामाची बेसलाइन 32 कोटींची: 30 कोटी कामाचे आणि 2 कोटी कॉन्टिन्जन्सी, म्हणजे अडीअडचणीसाठी राखून ठेवलेले. मोजमापाचा कर्व्ह मात्र मी 30 कोटींचाच काढायचे. कॉन्टिन्जन्सी महिन्यामहिन्यांत वाटून टाकली आणि ती वापरायची वेळच आली नाही, तर सगळं सुरळीत असतानाही खर्च प्लॅनखाली दिसतो आणि लोक उगाच पेढे वाटतात. पुढचे आकडे म्हणूनच 30 कोटींचे आहेत.

काम ऑक्टोबरमध्ये सुरू करायचं होतं. जानेवारीअखेर पायलिंग आणि खोदाई उरकायची, साडेतीन कोटी. मेअखेर राफ्ट म्हणजे पायाचा सलग जाड स्लॅब, बेसमेंटच्या भिंती आणि प्लिंथ, म्हणजे एकूण 9 कोटी. पुढे पावसाळाभर स्लॅब चढवायचे, सप्टेंबरअखेर 15. मग ऑक्टोबर ते जानेवारी हा सगळ्यात चढा भाग, कारण वरती स्लॅब, मधल्या मजल्यांवर ब्लॉकवर्क आणि खाली प्लास्टर अशी तिन्ही कामं एकाच वेळी चालतात. तिथे 25 कोटी. उरलेल्या चार महिन्यांत फिनिशिंग आणि 30 कोटी पूर्ण. एस हा आकार इथूनच येतो. सुरुवातीला एकच टोळी जमिनीत असते, मधे दहा टोळ्या असतात, शेवटी रंगारी आणि प्लंबर. आकार आधी ठरवून त्यात आकडे बसवायचे नसतात, आकडे मांडले की जो आकार येईल तो घ्यायचा.

या सगळ्या मांडणीचं मर्म एकच होतं: जूनआधी जमिनीच्या वर यायचं. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनच्या सुमारास लागतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळतो. खाडीजवळ वरची काळी चिकट माती, त्याखाली मुरूम, मग खडक. त्या खड्ड्यात भर पावसात राफ्टची सळई बांधायला उतरणं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच विचारा.

आणि झालं काय, तर दोन सभासद घर सोडेनात. ऑक्टोबरची सुरुवात फेब्रुवारीवर गेली.

आमच्या डायरेक्टर साहेबांनी मला सांगितलं, “कर्व्ह चार महिने उजवीकडे सरकव, झालं.” एक्सेलमध्ये ते दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, “सर, कर्व्ह सरकतो, पावसाळा सरकत नाही.” खोदाई आता फेब्रुवारी ते मे होणार आणि राफ्ट थेट जून ते सप्टेंबरमध्ये जाणार. सरकवलेला कर्व्ह त्या चार महिन्यांत साडेपाच कोटींचं काम दाखवत होता, जणू जुलै आणि मार्च सारखेच. मी प्रत्येक काम नव्याने महिन्यांवर मांडलं. माझ्या हिशेबाने त्या चार महिन्यांत दोनच कोटींचं काम होत होतं आणि मुदत 20 ऐवजी 23 महिन्यांवर जात होती. सप्टेंबरअखेर सरकवलेला कर्व्ह म्हणत होता 9 कोटी, माझा म्हणत होता साडेपाच. बँकेला आणि सोसायटीला 23 महिने दाखवायचे नव्हते, म्हणून माझा कागद फाइलला लागला आणि सरकवलेला कर्व्ह मंजूर झाला.

सप्टेंबर संपला. आढावा बैठकीत साहेबांनी पडद्यावर आकडा दाखवला: प्लॅन 9 कोटी, खर्च 4.8 कोटी. “4.2 कोटी वाचले.” टाळ्यासुद्धा झाल्या हो.

आता हा 4.8 कुठून आला ते बघा, कारण तुमच्याकडेही बहुतेक हेच होत असणार. तो Tally मधून आला होता, म्हणजे प्रत्यक्ष दिलेले पैसे. बेसलाइन मांडली होती काम होईल त्या महिन्यात, आणि खर्च मोजला जात होता चेक निघेल त्या महिन्यात. दोन वेगळ्या फूटपट्ट्या. मी आदल्या दिवशी अकाउंट्सच्या काकांकडे जाऊन बसले होते. ते म्हणाले, “मॅडम, कंत्राटदारांची ऑगस्टची आरए बिलं टेबलावरच आहेत, सप्टेंबरचं तर मोजमापही आलेलं नाही.” झालेल्या कामाची न दिलेली बिलं आणि कंत्राटदारांच्या बिलांतून कापून ठेवलेलं रिटेन्शन धरलं तर आणखी 80 लाख निघाले. खरा खर्च 5.6 कोटी.

मग तिसरी रेघ. मेजरमेंट बुक घेऊन बसायचं आणि झालेलं काम बेसलाइनच्या दराने मोजायचं, आपण प्रत्यक्षात दिलेल्या दराने नाही. किती घनमीटर खोदाई, राफ्टचा किती भाग ओतून झाला, तेवढंच. अर्धवट बांधलेल्या सळईला ‘90 टक्के झालं’ म्हणायची साइटवर सवय असते. मी तिला ओतेपर्यंत अर्धेच गुण द्यायचे, त्यावरून इंजिनीअर दादांशी कायम वाद. या मोजणीत काम निघालं 4.7 कोटींचं.

म्हणजे 4.7 कोटींच्या कामाला 5.6 कोटी लागले होते. बचत तर सोडाच, 90 लाख वर गेले होते: रात्रंदिवस चालणारे पंप, त्यांचं डिझेल, एका बाजूची माती घसरल्यावर केलेलं जादा शोरिंग आणि पाऊस थांबायची वाट बघत बसलेली माणसं. शिवाय मंजूर कर्व्हच्या तुलनेत 4.3 कोटींचं काम मागे. दोन रेघांमध्ये जी ‘बचत’ दिसत होती, ती न झालेलं काम होतं.

खर्च कमी दिसण्यामागे ही दोनच कारणं असतात असं नाही, पण आधी हीच तपासा. बिलं लटकली आहेत का, आणि काम लटकलंय का. दोन्ही नसतील तरच साहेबांना पार्टी मागा.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. आकडा तितका भयंकर नव्हताच. कुणी घाबरट पुढचं कामही याच प्रमाणात महाग पडेल असं धरून, 30 ला 4.7 भागिले 5.6 ने भागून जवळपास 36 कोटी लागतील असं म्हणाला असता, पण ते इथे लागू नव्हतं. पाण्याचा त्रास खड्ड्यापुरता होता, आठव्या मजल्यावर डीवॉटरिंग करावं लागत नाही. उरलेलं 25.3 कोटींचं काम ठरल्या दराने होईल असं धरलं तर एकूण 30.9 कोटी. लांबलेल्या तीन महिन्यांचे साइटचे पगार, वॉचमन, भाड्याची यंत्रं मिळून महिन्याला 12 लाख धरले, तरी साधारण सव्वाएकतीस. खड्ड्यात पाणी लागण्याचा धोका आम्ही आधीच लिहून ठेवला होता आणि 2 कोटींची कॉन्टिन्जन्सी त्यासाठीच होती. लेखी नोंद करून तिच्यातून घ्यायचे, बस्स. (सभासदांना द्यायचं घरभाडं वेगळ्या खात्यात असल्याने ते या कर्व्हवर दिसतच नाही. उशिराचा खरा फटका तिथे बसतो, ते वेगळंच.)

तसं न करता ऑक्टोबरमध्ये नवी बेसलाइन आली. सप्टेंबरपर्यंतचा प्लॅन म्हणजे सप्टेंबरपर्यंतचा खर्च, आणि पुढे एक सुबक वळण. दोन्ही रेघा एकमेकींवर. फरक शून्य. 90 लाख कशात गेले हा प्रश्नच कागदावरून पुसला गेला, आणि पुढच्या प्रोजेक्टला पुन्हा खोदाईचे तेच जुने दर धरले गेले. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: उशीर झाला म्हणून गुपचूप केलेली रीबेसलाइन म्हणजे मार्कशीटवर खाडाखोड.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आलं. काम बदललं, म्हणजे दोन मजले वाढले, पार्किंगची पद्धत बदलली आणि तो बदल मंजूर झाला, तर बेसलाइन बदला. बदललेली बेसलाइन जुनीच्या शेजारी ठेवा, जुनीवर नाही. MS Project मध्ये Baseline पासून Baseline 10 पर्यंत अकरा जागा आहेत, पहिली कधीही ओव्हरराइट करू नका. सुरुवातच चार महिने पुढे गेली तरीही नव्याने मांडणं योग्यच, आम्हीही फेब्रुवारीत तेच करायला हवं होतं. पण सगळ्यांसमोर, तारीख घालून आणि प्रत्येक काम नव्या महिन्यात बसवून. नुसतं सरकवून नव्हे.

आता माझीही बाजू सांगते, नाहीतर कुणीतरी खाली येऊन विचारेलच. माझा कर्व्ह सप्टेंबरअखेर साडेपाच म्हणत होता आणि काम झालं 4.7 चं, म्हणजे मीही 80 लाखांनी चुकले. आणि लिफ्टचे पैसे मी सहा महिन्यांत सारखे वाटले होते, प्रत्यक्षात ऑर्डरबरोबरच घसघशीत ॲडव्हान्स गेला, तेव्हा खर्चाची रेघ एकदम प्लॅनच्या वर उडाली. त्या महिन्यात साहेबांनी मला ईमेल न करता स्वतः बोलावून घेतलं आणि विचारलं, “काय मॅडम, हा उंचवटा पण पावसाचाच का?”