पाठवण्यापूर्वी भाषांतर कानाने तपासणे

प्रश्न: एक महत्त्वाचा निरोप मी आधी इंग्रजीत लिहिला आणि मग मराठीत भाषांतर केला. मला मराठी बोलता येते, पण लिहिण्याची सवय नाही. पाठवण्यापूर्वी तो मोठ्याने वाचून पाहा आणि दोन्ही भाषा येणाऱ्या मैत्रिणीला विचारा, असे सगळे सांगतात. पण वाचताना नेमके काय ऐकायचे आणि तिला नेमके काय विचारायचे?

उत्तर: सर्वांत आधी एक पथ्य सांगतो: मैत्रिणीला मूळ इंग्रजी मजकूर सुरुवातीला दाखवू नका. भाषांतरे तपासणे हे माझे काम आहे, आणि मूळ वाक्य एकदा नजरेखालून गेले की भाषांतर जिथे अडखळते तिथे मन त्या मूळ वाक्याच्या आधाराने अर्थ भरून घेते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. ज्यांना निरोप मिळणार आहे, त्यांच्याजवळ असा आधार नसतो. तुमच्याजवळ मात्र तो आहेच, कारण मूळ मजकूर तुमचाच आहे. म्हणून तुमचे मोठ्याने वाचणे उपयोगाचे असले, तरी ते पुरेसे नाही.

वाचताना दुरुस्ती करू नका, फक्त पेन्सिलने खुणा करा, आणि शक्य असल्यास लिहिणे व वाचणे यांत एक रात्र जाऊ द्या. तीन ठिकाणी खूण करावी. क्रियापद येण्याआधीच जिथे दम संपतो, तिथे वाक्याची बांधणी बहुधा इंग्रजीची असते. जे वाक्य त्या व्यक्तीसमोर बसून म्हणायला तुम्हाला संकोच वाटेल, तिथे सूर चुकलेला असतो. तिसरी जागा सर्वांत मोलाची, आणि नेमकी तीच लोक सोडून देतात: कागदावर एक शब्द असतो आणि तोंडातून आपोआप दुसराच निघतो. अशा वेळी कागदाकडे परत जाऊ नका. जिभेवर आलेला शब्द समासात लिहून ठेवा, कारण बोलण्याची सवय असलेल्या माणसाची जीभ पुष्कळदा त्याच्या लेखणीपेक्षा बरे मराठी जाणते.

तुमचा निरोप कोणता हे मला ठाऊक नाही, म्हणून एक उदाहरण घेतो. समजा, जुन्या शिक्षकांकडे शिफारसपत्र मागायचे आहे आणि भाषांतर असे झाले आहे: “मला आशा आहे की आपण ठीक असाल. जर आपण १५ तारखेपर्यंत पत्र पाठवू शकलात तर मी त्याची प्रशंसा करेन, जे माझ्या अर्जासाठी आवश्यक आहे. मला माहीत आहे की तुम्ही व्यस्त आहात. तुम्हाला काही प्रश्न असल्यास मला कळवा.” व्याकरणाच्या दृष्टीने यात बोट ठेवावे असे फारसे काही नाही, आणि डोळ्यांनी वाचले तर ते खपूनही जाईल. मोठ्याने वाचले की “करेन” या शब्दावर आवाज खाली येतो, वाक्य संपल्यासारखे वाटते, आणि पुढचे “जे” कशाला जोडायचे हे कळत नाही. पहिल्या दोन वाक्यांतले “आपण” पुढे “तुम्ही” झाले आहे, हेही कानालाच आधी खटकते. विद्यार्थ्याने शिक्षकांची “प्रशंसा” करण्याची भाषा तर समोर बसून कुणी उच्चारणारच नाही.

आता मैत्रीण. निरोप तिच्या हाती द्या आणि तिलाच तो मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही वाचून दाखवलात तर योग्य जागी जोर देऊन तुमचा आवाज वाक्यातले दोष झाकून टाकेल. ती ज्या वाक्याच्या सुरुवातीकडे परत जाते, त्या वाक्याला खूण करा, आणि मध्ये काहीही समजावून सांगू नका. त्यानंतर “बरोबर आहे का?” किंवा “कसे वाटले?” असे विचारू नका, मैत्रीण आहे म्हणून ती “छान आहे” म्हणेल, आणि अर्थ कळला असल्यामुळे तिला ते खोटेही वाटणार नाही.

त्याऐवजी पहिला प्रश्न असा असावा: “हे कुणी कुणाला लिहिले असावे?” उत्तर “एखाद्या कंपनीने ग्राहकाला” असे आले, तर सूर कुठे बिघडला हे शोधण्याची गरजच उरत नाही, तो सगळीकडेच बिघडलेला आहे. मग कागद बाजूला ठेवायला लावून विचारा: “यात काय करायला सांगितले आहे आणि कधीपर्यंत?” वरच्या उदाहरणावर ती बहुधा म्हणेल, “जमले तर १५ तारखेपर्यंत पत्र पाठवा, नाही जमले तरी चालेल.” हा दोष निव्वळ भाषेच्या सौंदर्याचा नाही, इंग्रजीतल्या आदबीच्या जर-तरमुळे मराठीत मुदतच सैल झाली आहे, आणि त्यापायी अर्ज हुकू शकतो. तिसरा प्रश्न: “यांतले कुठले वाक्य ऐकून सर दुखावतील?” आणि खूण केलेल्या प्रत्येक वाक्याबाबत शेवटचा: “हेच तुला त्यांना फोनवर सांगायचे असते, तर काय म्हणाली असतीस?” तिला लिहायला लावू नका, बोलू द्या आणि तुम्ही लिहून घ्या, हातात पेन आले की तीही पुस्तकी होईल.

असे केल्यावर उदाहरणातला मजकूर साधारण असा होतो: “सर, नमस्कार. अर्जासोबत शिफारसपत्र जोडणे आवश्यक आहे आणि अर्ज १६ तारखेला द्यायचा आहे. आपले पत्र मला १५ तारखेपर्यंत मिळाले, तर फार उपकार होतील. आपल्या कामाच्या व्यापात ही विनंती करतो आहे, याची मला जाणीव आहे. काही माहिती हवी असल्यास आपण सांगाल त्या वेळी फोन करीन.” मुदत ठळक झाली, तिचे कारण आधी आले, आणि विनंती तरीही विनंतीच राहिली.

मूळ इंग्रजी मजकूर दाखवायचा तो यानंतर, आणि तेव्हाही एकच गोष्ट विचारायची: “इथले काय तिथे आले नाही, आणि तिथे काय जास्तीचे आले?” काही जण मराठीचे पुन्हा इंग्रजी करून ताडून पाहतात. संशोधनाच्या प्रश्नावल्यांसाठी ही उलट भाषांतराची पद्धत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये सविस्तर मांडली आणि अर्थ निसटला आहे का हे पाहायला ती उपयोगी आहे. पण नैसर्गिकपणा तपासायला ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण शब्दाला शब्द ठेवून केलेले ओबडधोबड भाषांतर उलटे करताना सर्वांत सहज मूळ रूपात परत जाते.

मैत्रिणीच्या सूचना सरसकट स्वीकारू नका. प्रत्येक सूचनेवर विचारा: “हे चुकीचे आहे, की तू वेगळे म्हटले असतेस?” पहिल्या प्रकारची सूचना मान्य करा, दुसऱ्या प्रकारची बहुतेक वेळा सोडून द्या, नाहीतर निरोप तिच्या आवाजात जाईल आणि तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाला ते जाणवेल. ती त्या व्यक्तीपेक्षा वयाने बरीच लहान असेल, किंवा बरीच वर्षे मराठीत फक्त घरगुती बोलत असेल, तर आदराच्या रूपांबाबत दुसऱ्या कुणाला तरी विचारून घ्या. करारनामा, न्यायालयीन कागद किंवा औषधोपचाराच्या सूचना असतील, तर या पद्धतीने मजकूर ओघवता होईल, पण अचूकतेची हमी मिळणार नाही. तिथे त्या विषयाचा व्यावसायिक भाषांतरकारच हवा.

सर्व बदल झाले की निरोप आणखी एकदा अखंड वाचा. एका वाक्यातली दुरुस्ती शेजारच्या वाक्याला हमखास धक्का देते: “आपण”चे “तुम्ही” एका जागी बदलते आणि दुसऱ्या जागी तसेच राहून जाते.