सबमीटरच्या फोटोवरून युनिट आणि स्लॅबचा हिशोब

प्रश्न: सिडकोत भाड्याने राहते. सबमीटरच्या फोटोवरून घरमालक २२३ युनिट म्हणतात, मला २१३ दिसतात. पहिल्या फोटोत ०४८३६ आणि लाल २. दुसऱ्यात ०५० नंतरचे आकडे अर्धवट फिरलेले आहेत. बरोबर कोण, आणि स्लॅबप्रमाणे बिल किती?

तुमचं बरोबर आहे, २१३ च.

आधी लाल आकडा बाजूला ठेवा. तो युनिटचा दहावा भाग दाखवतो, युनिट मोजताना तो सोडून द्यायचा. म्हणजे पहिलं रीडिंग ४८३६.

दुसऱ्या फोटोत घोळ दशकाच्या चाकात आहे. तिथे ४ वर सरकलाय आणि खालून ५ डोकावतोय, म्हणून घरमालकांनी ५ धरला. पण त्याच्या शेजारचं चाक बघा. तेही ९ आणि ० च्या मध्ये आहे आणि लाल चाकही ९ आणि ० च्या मध्येच. या मीटरमधलं डावीकडचं चाक एरवी जागचं हलत नाही. उजवीकडचं चाक ९ वरून ० वर जाताना त्याला ढकलतं, तेवढ्यापुरतंच ते फिरतं. त्यामुळे अर्धवट आकडे दिसले की सगळीकडे मागचा, म्हणजे सुटत चाललेला आकडा वाचायचा: ०५०४९, लाल ९. घरमालकांनी दशकात पुढचा ५ घेतला आणि एककात मागचा ९, त्यातून ५०५९ तयार झालं. पुढचे आकडे धरायचेच तर सगळे पुढचे धरा, मग ५०५० येतं. दोन्हींत फरक एका युनिटचा. ५०५९ मात्र कोणत्याही रीतीने येत नाही.

त्यांना पटवायचं असेल तर दुसऱ्या दिवशीचा फोटो दाखवा. तुमचा रोजचा वापर साधारण ७ युनिट आहे, म्हणजे मीटर ५०५६-५७ च्या आसपास असेल. आदल्या दिवशी खरंच ५०५९ असतं, तर मीटर मागे गेलं असं म्हणावं लागेल. फोटो घेताना मोबाइल आकड्यांच्या अगदी समोर धरा. खालून तिरका घेतला तर नीट बसलेला आकडाही सरकल्यासारखा दिसतो, आणि फ्लॅश काचेवर चमकून नेमका शेवटचा आकडा झाकतो.

५०४९ वजा ४८३६, २१३ युनिट. आता पैसे. मी एप्रिल २०२४ चे महावितरणचे घरगुती, सिंगल फेजचे दर घेतोय. ते नंतर बदललेत, त्यामुळे आकडे तुमच्या ताज्या बिलावरचे घाला, रीत हीच राहील. २१३ युनिट म्हणून सगळ्यांना वरचा दर लागत नाही. पहिले १०० युनिट ४.७१ ने, ४७१ रुपये. पुढचे ११३ युनिट १०.२९ ने, ११६२.७७. वहन आकार मात्र सगळ्या युनिटांवर सारखाच, २१३ गुणिले १.१७, २४९.२१. स्थिर आकार १२८. बेरीज २०१०.९८. त्यावर १६ टक्के वीज शुल्क ३२१.७६. एकूण २३३२.७४ रुपये. त्या महिन्यात इंधन समायोजन आकार असेल तर तो वीज शुल्क काढण्याआधी मिळवायचा.

पण हा आकडा घरमालकांपुढे ठेवण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण बहुतेक भांडणं इथेच होतात. सबमीटरचं वेगळं बिल येत नाही. स्लॅब लागतो तो मेन मीटरच्या एकूण युनिटांवर. समजा घरमालकांचा स्वतःचा वापर २०० आहे. मग मेनवर ४१३ युनिट पडतात आणि शेवटचे ११३ युनिट ३०० च्या पुढच्या स्लॅबमध्ये, १४.५५ च्या दरात जातात. वरच्याच रीतीने ते बिल ५५४९.८६ येतं, म्हणजे युनिटला सरासरी १३.४४. तुमचा वाटा २१३ युनिटांचा, साधारण २८६२ रुपये. तुम्ही २३३२ च दिले, तर उरलेले पाचशे घरमालकांच्या माथी बसतात. उलट त्यांनी पहिले ३०० युनिट दोघांचे असताना स्वतःचे २०० खालच्या स्लॅबमध्ये बसवून तुम्हाला सगळा वरचा दर लावला, तर तेही चूक. मेनचं पूर्ण बिल भागिले मेनचे युनिट, गुणिले तुमचे युनिट, ही वाटणी मला सर्वांत न्याय्य वाटते. त्या दराने वादातले १० युनिट सुमारे १३४ रुपयांचे होतात.

त्यासाठी मेनचं बिल बघायला मागा आणि सबमीटरचा फोटो मेनच्या रीडिंगच्या तारखेलाच काढा. बिलावर चालू आणि मागील रीडिंगची तारीख छापलेली असते. मेनचं रीडिंग ८ तारखेला आणि तुमचा फोटो १ तारखेचा असेल, तर एकाच महिन्याचे युनिट दोन वेगळ्या बिलांत पडतात आणि वाटणी जुळत नाही.