सव्वाबाराची घंटा

बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा अभ्यासिकेच्या जिन्यात तू म्हणालीस, "सर, साडेदहाला फोन ठेवायची आठवण लावलीय. रोज वाजते, रोज मी ती बंद करते, आणि झोपायला सव्वा वाजतो." घाईत होतीस, म्हणून तेव्हा काही बोललो नाही. आता सविस्तर लिहितो.

घोळ त्या साडेदहात आहे. साडेदहाला तू मेसमधून नुकती खोलीवर आलेली असतेस, ग्रुपवर उद्याच्या नोट्स तेव्हाच पडायला लागतात, आणि शरीराला झोपेची चाहूलही लागलेली नसते. अशा वेळी वाजलेली घंटा बोट लगेच बंद करतं. चार दिवसांत सवय अशी होते की डोळ्यांनी वाचायच्या आतच ती गेलेली असते. म्हणून आठवण खऱ्या झोपेच्या एक तास आधी लाव. तुझी झोप सव्वाची, तर आठवण सव्वाबाराची. लाज वाटू देऊ नकोस, आज हीच वेळ खरी आहे. चार रात्री ती नीट पाळलीस की बारा कर आणि एकला दिवा बंद कर. पुन्हा चार रात्री, पुन्हा पंधरा मिनिटं अलीकडे. असे सात टप्पे म्हणजे अठ्ठावीस दिवस, आणि तू साडेदहाला फोन ठेवून साडेअकराला झोपलेली असशील. एखादा टप्पा जमला नाही तर त्याच वेळेवर आणखी चार दिवस थांब. या सगळ्या दिवसांत उठायची वेळ मात्र साडेसहाच, रविवारीही. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावतो. रविवारी नऊपर्यंत लोळलीस की रात्री झोप पुढे सरकते.

फोनमध्ये `Settings` मध्ये `Digital Wellbeing & parental controls` उघड आणि तिथे `Bedtime mode` ला हीच वेळ दे. `Grayscale` चालू कर, पडदा काळा-पांढरा होईल. रंग गेले की रील्स बघण्यातली अर्धी गंमत जाते, हे तुला पहिल्याच रात्री कळेल. `Do Not Disturb` मध्ये तारांकित नंबरांना परवानगी ठेव आणि आई-बाबांच्या नंबरांना तारा लाव. गावाहून फोन आला तर वाजेल, हे माहीत असलं की उशाशी फोन ठेवायचं तुझं सर्वांत मोठं कारण संपतं.

दुसरं कारण गजराचं. बाजारातून सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ आण. मग चार्जर उशाजवळून काढून दाराजवळच्या बोर्डाला लाव, पलंगावरून हात पोहोचणार नाही असा. पडद्यावरची घंटा बोटाने मोडता येते, पण अंथरुणातून उठून दारापर्यंत जाताना आपण काय करतोय ते माणसाला कळतं.

आठवणीच्या मजकुरात "फोन बंद कर" असं लिहू नकोस. पुढचं काम लिही: "बोर्डाला लाव. डबा धू. उद्याची वही काढ." हाताला काम मिळालं की मन मागे रेंगाळत नाही. त्याच्या पंधरा मिनिटं आधी आणखी एक गजर ठेव, "ग्रुप बघून घे" एवढाच. अर्धवट राहिलेला निरोप हेच फोन पुन्हा हातात यायचं मुख्य निमित्त असतं.

घंटा आणि झोप यांच्यामधल्या तासात ट्यूबलाइट बंद करून टेबललॅम्प भिंतीकडे वळव. सगळे निळ्या प्रकाशाचं बोलतात. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका प्रयोगात बारा जणांना काही रात्री झोपेआधी चार तास उजळ पडद्यावर वाचायला दिलं आणि काही रात्री छापील पुस्तक. पडद्याच्या रात्री शरीराला झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दबलं आणि झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. माझ्या मते तुझा मोठा चोर ती दहा मिनिटं नव्हेत. "एकच बघते" म्हणत गेलेले दीड-दोन तास हा मोठा चोर. म्हणून पिवळा फिल्टर लावून फोन हातात ठेवलास तर फारसं साधणार नाही.

जमतंय की नाही हे `Digital Wellbeing` च्या आलेखावरून बघ. घंटेनंतर फोन किती वेळा उघडला, एवढाच आकडा वहीच्या मागच्या पानावर रोज लिही. पहिल्या आठवड्यात तो शून्य येणार नाही, पाचाचा दोन झाला तरी चाल बरोबर आहे. पण फोन दाराशी असूनही आठवड्यातून तीन-चार रात्री तासतासभर जागीच पडून राहिलीस, आणि असं महिनोन्‌महिने चाललं, तर तो फोनचा प्रश्न नाही. तेव्हा डॉक्टरकडे जायचं, मी बरोबर येईन.

येत्या रविवारी वही घेऊन ये. घड्याळ आणलंस का तेही सांग.

तुझे सर