गोष्टीतला कारकून आणि सत्तेचाळिसावं पान

प्रिय मित्रा,

जुन्या हिशेबवहीच्या पानांचे फोटो बघून रजिस्टर भरणाऱ्या कारकुनाची तुझी गोष्ट वाचली. ‘कारकून फोटो बघून टाइप करत बसतो, यात घडतं काय?’ असं विचारतोस. घडतं की! तूच ते तीन ओळींत गुंडाळलंयस. पान ४७ची बेरीज जुळत नाही, तो एक रक्कम बदलतो, रजिस्टर नीटनेटकं होतं आणि साहेब पाठ थोपटतात. अरे, वहीत आहे तसं उतरवायचं!

ते पान सावकाश बघ. वर ‘मागील पानावरून आणले २,४१५’. खाली तीन रकमा समज: ३१८, ६४० आणि ७५. बेरीज येते ३,४४८; वहीत तळाशी आहेत ३,५११. फरक ६३. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडल्याचा संशय घ्यावा. ३१८ऐवजी ३८१ धरले की हिशेब चोख जुळतो. आधी संशय स्वतःवर, म्हणून चांगला कारकून फोटो मोठा करून बघतो. शाईत स्वच्छ ३१८. पुढच्या पानावर ‘आणले ३,५११’. म्हणजे घोळ बहुधा जुन्या लेखनिकाचा. पण खरी रक्कम कोणती, हे पावती सापडल्याशिवाय कोण सांगणार? रजिस्टरात ३१८च जाणार, आणि शेऱ्यात ‘तळची बेरीज ६३ने जास्त’. आहे तसं!

नावांचंही तेच. फोटोत ‘गंगाराम’ दिसतं, पण तो अनुस्वार की धुळीचा कण? पान हलक्या ब्रशने झाडून पुन्हा फोटो काढला की ठिपका गायब होतो, आणि उरतो ‘गगाराम’. तो एका रकान्यात तसाच ठेवायचा. शेजारच्या रकान्यात शोधासाठी ‘गंगाराम’, आणि प्रत्येक ओळीपुढे फोटोचा क्रमांक. शोध दुसऱ्या रकान्यात लागतो, पुरावा पहिल्यात असतो. तुझ्या कारकुनाकडे हा पहिला रकानाच नाही, मग तो शोधून देणार काय?

मला हट्टी म्हणायचे. एका कचेरीत ‘दोन-दोन नावं कशाला?’ म्हणून वरिष्ठांनी तो रकाना काढायला लावला. मी भांडलो, हरलो. लेखी हरकत नोंदवायला हवी होती, ही रुखरुख अजून आहे. पुढे एका वारसाच्या कामात मूळ अक्षर काय होतं ते कुणालाच सांगता येईना, आणि तोवर वहीचं ते पान वाळवीने खाल्लेलं. मग सांग, हट्टी कोण?

असो, तुझ्यावर चिडलेलो नाही. फोटोवर पडलेल्या बोटाच्या सावलीचं वर्णन छान जमलंय, ते राहू दे. पण मधला भाग पुन्हा लिही: साहेब म्हणतात ‘३८१ करून टाक’, कारकून म्हणतो ‘नाही’. आणि साहेबांना खलनायक करू नकोस. त्यांना फक्त संध्याकाळपर्यंत रजिस्टर हवंय.

तुझा,
काका